फोटोखाली आम्ही ‘असावा’, ‘दिसते’ का लिहितो

नौपाड्यात आमच्याकडे जुने फोटो स्कॅन करून, प्रत्येकाखाली चार ओळींची माहिती लिहून अल्बम बनवून मिळतो हे तुम्हाला माहीतच आहे. पण प्रूफ हातात पडलं की बऱ्याच जणांचा पहिला फोन हाच असतो, अहो हे ‘असावा’, ‘वाटतं’ काय लावलंय, पैसे देतोय तर नक्की काय ते लिहा ना. म्हणून एकदाच नीट सांगतो.

ज्या ओळीत असा शब्द नाही, ते आम्ही डोळ्यांनी बघून लिहिलेलं असतं. ‘पाच जण, दोन खुर्चीवर, मागे कुंड्या.’ यात शंका कसली? ‘पाच जण उभे असावेत’ असं आम्ही कधीच लिहिणार नाही, कुठे दिसलं तर खुशाल भांडा. ‘दिसते’ म्हणजे खूण फोटोत आहे पण तिचा अर्थ आम्ही लावलाय, उदाहरणार्थ ‘मागे तलाव दिसतो, स्टुडिओतला रंगवलेला पडदा वाटतो’. आणि ‘असावा’ म्हणजे फोटोत थेट नाही, कशावरून तरी धरलेला अंदाज आहे, आणि तो कशावरून धरला ते आम्ही शेजारीच लिहितो. घरच्यांनी सांगितलेलं असेल तर ‘आत्याच्या सांगण्याप्रमाणे’ असं वेगळं.

आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ जातो ती चूक. प्रूफ तपासताना बरेच जण फक्त तो एक शब्द खोडतात आणि बाकी वाक्य तसंच ठेवतात.

मागच्या वर्षी एका घरचा फोटो आला, अंगणात आजोबा खुर्चीत, बाजूला नातवंडं. मागे स्टुडिओचा शिक्का आणि पेनाने तारीख, १२-८-६४. आम्ही लिहिलं, ‘प्रिंट ऑगस्ट १९६४ ची, फोटो त्याआधीचा असावा, कारण अंगण कोरडं आहे आणि सावल्या ठळक आहेत.’ ठाण्यात ऑगस्टमध्ये असं अंगण क्वचितच मिळतं. शिवाय तेव्हा घरच्या कॅमेऱ्यात रोलवर ८ किंवा १२ फोटो निघायचे आणि लोक ते पुरवून पुरवून काढायचे, एक रोल दोन सणांना पुरायचा, मग कधीतरी धुवायला जायचा. म्हणजे मागची तारीख ही स्टुडिओच्या कामाची, क्लिक केल्याची नाही. त्यांनी ‘त्याआधीचा असावा’ खोडलं आणि ‘फोटो ऑगस्ट १९६४’ करून दिलं. ४० कॉपी छापून झाल्या आणि वाटपाच्या दिवशी मोठ्या आत्यांनी सांगितलं की आजोबा तर त्याच वर्षी मे महिन्यात गेले. घरात नको ती चर्चा, आणि ४० अल्बमचं ते पान पुन्हा छापून बांधायला आमचे तीन दिवस गेले. आमची मूळ ओळ तशीच राहिली असती तर आत्यांनी वाचून नुसतं ‘हो, उन्हाळ्यातला आहे’ म्हटलं असतं, आणि उलट तारीख पक्की झाली असती.

म्हणून तो शब्द दिसला की असं समजा की इथे घरातल्या कुणाला तरी विचारायचंय. उत्तर मिळालं तर पूर्ण वाक्य बदला आणि कुणी सांगितलं तेही कळवा, आम्ही आनंदाने ‘असावा’ काढतो. उत्तर नाही मिळालं तर राहू द्या. ग्रंथालयांतसुद्धा जुन्या फोटोच्या नोंदीत अंदाजे साल प्रश्नचिन्ह लावून देतात, हा काही आमचाच हट्ट नाही.

रंगाबद्दलही तेच. लग्नाच्या फोटोत ‘गडद साडी’ लिहिलं की लोक नाराज होतात, पण पूर्वी बऱ्याच ब्लॅक अँड व्हाइट फिल्मना लाल रंग समजायचाच नाही, लाल शालू फोटोत काळा यायचा. शालूचा रंग आजीच सांगू शकते, फोटो नाही. आणि हाताने रंगवलेला फोटो असेल तर तो रंग स्टुडिओतल्या माणसाने निवडलेला असतो, त्यावरही जाऊ नका.

एक विनंती, फोटो व्हॉट्सॲपवर पुढच्या बाजूचाच पाठवू नका. मागची बाजू, कोपऱ्यातलं पेन्सिलचं लिखाण, अल्बमला चिकटलेला कागद, सगळं तसंच घेऊन या, सोलायला जाऊ नका. मागची बाजू स्कॅन करायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, कारण अर्धे ‘असावा’ तिथेच सुटतात. प्रूफवर पहिली दुरुस्तीही फुकट आहे, फक्त छापायच्या आधी अल्बम एकदा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दाखवा. त्यांना चष्म्यानेही दिसत नसेल तर वाचून दाखवा, आणि आमच्याकडे घेऊन आलात तर आम्हीच बसून वाचून दाखवू, दुकान तळमजल्यावरच आहे.