पीपीओतले तीन आकडे आणि त्यांच्यामागचा इतिहास

निवृत्तीनंतर पेन्शन पेमेंट ऑर्डर म्हणजे पीपीओ हातात पडते आणि पहिली पेन्शन बँकेत जमा होते. माणूस दोन्ही आकडे ताडून बघतो, तर ते जुळत नाहीत. पीपीओवर 30,200 लिहिलेले असते. त्यातून काही वजा झालेले दिसते, तरी खात्यात त्याहून जास्त पैसे आलेले असतात. हिशेब बहुधा बरोबरच असतो. फक्त त्यातले तीन आकडे तीन वेगळ्या काळांत, वेगळ्या कारणांसाठी ठरत गेलेले आहेत. इथे विचार केला आहे तो 1 जानेवारी 2004 पूर्वी नोकरीला लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन असलेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा.

एक उदाहरण घेऊ. मे 1965 मध्ये जन्मलेला कर्मचारी 31 मे 2025 रोजी साठाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याचे शेवटचे मूळ वेतन 60,400 रुपये होते. मूळ पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे 30,200 रुपये.

हे 'निम्मे' पूर्वी इतके सरळ नव्हते. पूर्ण पेन्शनसाठी 33 वर्षांची सेवा लागे आणि सेवा कमी भरली तर त्या प्रमाणात पेन्शनही कमी होई. सहाव्या वेतन आयोगानंतर ही अट गेली. आता किमान दहा वर्षांची पात्र सेवा असली की शेवटच्या वेतनाच्या किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या निम्मी रक्कम मिळते, जी फायद्याची असेल ती. म्हणून 1990 च्या दशकात निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या जुन्या पीपीओशी आपली ताडून बघू नये, तिथले गणित वेगळे आहे. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्याच्या निकालात स्पष्ट सांगितले. तो दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

दुसरा आकडा महागाई सवलतीचा, म्हणजे डीआरचा. नवा पेन्शनर तो पीपीओत शोधतो आणि त्याला तो सापडत नाही. तिथे फक्त एवढेच म्हटलेले असते की वेळोवेळी मंजूर होणारी सवलत द्यावी. कारण दर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो आणि पीपीओ मात्र एकदाच निघते. मूळ पेन्शन गोठलेली असते, त्यामुळे महागाई तिला कुरतडत राहते. यावर उपाय म्हणून तिसऱ्या वेतन आयोगाच्या काळात पेन्शनला ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली सवलत मिळू लागली. आज ती टक्केवारीत असते. जानेवारी 2025 पासून 55 टक्के होती, जुलै 2025 पासून 58 टक्के झाली. नवा वेतन आयोग लागू झाला की साठलेली सवलत मूळ पेन्शनमध्ये मुरते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

तिसरा आकडा सर्वांत जास्त गोंधळ घालतो. तो अंशराशीकरणाचा. बोलीभाषेत आपण 'पेन्शन विकली' म्हणतो तो हाच व्यवहार. मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त 40 टक्के भाग सरकारला देऊन एकरकमी पैसे घ्यायचे. पाचव्या वेतन आयोगापूर्वी ही मर्यादा एक तृतीयांश होती. रक्कम काढताना त्या भागाला आधी 12 ने आणि मग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय धरायचे ते पुढच्या वाढदिवसाचे. आपल्या उदाहरणात ते 61 आहे, आणि 61 चा गुणक 8.194.

30,200 चे 40 टक्के म्हणजे 12,080 रुपये. त्याला 12 आणि 8.194 ने गुणले की सुमारे 11 लाख 87 हजार 800 रुपये होतात. जुन्या तक्त्यात याच वयाचा गुणक 9.81 होता. तो 4.75 टक्के व्याज धरून बांधलेला होता, 2008 चा तक्ता 8 टक्के व्याज धरून बांधला. व्याज जास्त धरले की आज हातात पडणारी रक्कम कमी होते. आधीच्या लोकांना जास्त मिळाले, आपल्याला कमी, यामागचे कारण इतकेच.

आता दरमहा खात्यात काय यायला हवे ते पाहू. 30,200 मधून 12,080 गेले की 18,120 उरतात. सवलत मात्र या 18,120 वर मोजायची नाही, ती पूर्ण 30,200 वरच मोजायची. जून 2025 मध्ये 55 टक्क्यांनी ती 16,610 होते आणि एकूण 34,730 रुपये मिळतात. विकलेला भाग हा पुढच्या हप्त्यांचा आगाऊ घेतलेला पैसा आहे, महागाई तर संपूर्ण पेन्शनला लागते. एखाद्या बँकेने चुकून उरलेल्या रकमेवर सवलत मोजली, तर ती 9,966 येते आणि दरमहा 6,644 रुपये बुडतात. म्हणून पहिल्या पेन्शन स्लिपवर डीआरच्या रकमेला 55 ने भागून 100 ने गुणावे. उत्तर 30,200 आले तर हिशेब ठीक, 18,120 आले तर लगेच लेखी तक्रार द्यावी.

विकलेला भाग परत कधी मिळतो, याचे उत्तर एका खटल्यातून आले. पूर्वी एकदा विकलेली पेन्शन जन्मभर परत मिळत नसे. माणूस नव्वदीपर्यंत जगला तरी कपात चालूच राही. कॉमन कॉज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1986 च्या निकालाने 15 वर्षांनंतर कापलेला भाग पूर्ववत करण्याची तरतूद पक्की झाली आणि ती 1 एप्रिल 1985 पासून लागू झाली. एकरकमी पैसा लगेच हातात पडतो आणि पेन्शनर लवकर वारला तर उरलेल्या हप्त्यांची जोखीम सरकारवर राहते, हे दोन फायदे न्यायालयाने विचारात घेतले. कुटुंब पेन्शनही मूळ आकड्यांवरच ठरते, या कपातीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

पंधरा वर्षांत एकूण 21 लाख 74 हजार 400 रुपये कापले जातात. नुसती मुद्दल साधारण 8 वर्षे 2 महिन्यांत फिटते. 8 टक्के व्याज धरले तरी साडेतेरा वर्षांच्या आत हिशेब चुकता होतो. म्हणूनच पेन्शनर संघटना 12 वर्षांनंतर पुनर्स्थापना मागत आहेत. मला ही मागणी रास्त वाटते, पण आज नियम 15 वर्षांचाच आहे.

ही 15 वर्षे कधीपासून मोजायची, इथे लोक फसतात. एकरकमी पैसे निवृत्तीनंतर उशिरा आले, तर ते खात्यात जमा होईपर्यंत कपात लागू होत नाही. समजा पैसे 14 जुलै 2025 रोजी जमा झाले, तर कपात तिथून सुरू होईल आणि पूर्ण पेन्शन जुलै 2040 मध्ये परतेल. 1 जूनपासूनच 12,080 कापले गेले असतील, तर आधीच्या दीड महिन्याचे पैसे परत मागावेत. जमा झाल्याची तारीख बँकेच्या पासबुकात दिसते. ती आपल्या पीपीओच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवावी, पंधरा वर्षांनी बँकेत जाताना तोच कागद दाखवायचा आहे.