बीपी वाढलं तरी कळत का नाही?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी 1935 साली 136/78 होतं. दोन वर्षांनी ते 162/98 झालं आणि फेब्रुवारी 1941 मध्ये 188/105. हे आकडे नोंदले गेले, पण कुणी हबकलं नाही. त्यांचे वैयक्तिक डॉक्टर रॉस मॅकइंटायर हे मुळात कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते, आणि पेशंटची काही तक्रारही नव्हती. माणूस देश चालवत होता. वयाबरोबर बीपी वाढायचंच, जाड झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला तो जोर लागतोच, असं तेव्हाचे बरेच नामवंत डॉक्टर मानत. उतरवायला जावं तर अपाय होईल, अशीही भीती होती.

मार्च 1944 मध्ये मुलगी अ‍ॅना हिच्या आग्रहावरून त्यांची तपासणी झाली. हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात पाहिलं, तर बीपी 186/108, हृदय मोठं झालेलं आणि फुप्फुसांत पाणी साचू लागलेलं. घरच्यांना दिसत होती ती धाप, थकवा, न हटणारा खोकला आणि उतरलेला चेहरा. ही लक्षणं बीपीची नव्हती. बीपीने थकवलेल्या हृदयाची होती. बीपीबद्दल ‘लक्षणं नाहीत’ असं म्हणतात तेव्हा नेमका हाच फरक ध्यानात ठेवायला हवा. वाढलेला दाब स्वतः गप्प असतो. बोलायला लागतात ते हृदय, मेंदू, डोळे आणि किडनी, तेही इजा झाल्यावर.

दाब गप्प का राहतो? मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण मोजणारे मज्जातंतू असतात. दाब चढला की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला संदेश पाठवतात, आणि हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, वाहिन्या सैल होतात. हा सगळा कारभार आपल्या नकळत चालतो. जिथे आपल्याला ‘जाणवतं’, त्या भागापर्यंत ही वर्दी जातच नाही. शिवाय दाब बराच काळ वर राहिला, तर हे तंतू त्यालाच नेहमीचा दाब समजू लागतात. 1956 मध्ये मॅककबिन, ग्रीन आणि पेज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. बीपी कायम वाढलेलं असलेल्या कुत्र्यांमध्ये हे तंतू दाब उतरवण्याऐवजी वाढलेल्या पातळीवरच सांभाळत होते.

दुसरं कारण मेंदूत आहे. शरीरात रक्ताचा दाब वाढला की मेंदूच्या बारीक धमन्या आकसतात आणि आतला रक्तप्रवाह जवळपास तेवढाच ठेवतात. निरोगी माणसात सरासरी दाब साधारण 60 ते 150 च्या दरम्यान असेपर्यंत हे जमतं. सरासरी काढायची तर वरच्या आणि खालच्या आकड्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा खालच्या आकड्यात मिळवायचा. 120/80 ला ती 93 येते. रूझवेल्टांच्या 188/105 ला सुमारे 133. म्हणजे तेव्हाही त्यांच्या मेंदूला नेहमीइतकंच रक्त मिळत असावं, मग डोकं जड कशाने होणार? वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांत धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि ही मर्यादा आणखी वर सरकते. म्हणूनच 200/110 घेऊन माणूस बाजारहाट करून येतो.

मग ‘डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं’ ही समजूत आली कुठून? याचा छडा लावणारं एक साधं निरीक्षण 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. स्टुअर्ट या डॉक्टरने बीपीच्या पेशंटना डोकेदुखीबद्दल विचारलं. आपल्याला बीपी आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात डोकेदुखीची तक्रार सर्रास होती. ज्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांच्यात ती बरीच कमी सापडली. पुढे नॉर्वेतल्या हजारो लोकांच्या 2002 सालच्या पाहणीत तर वरचा आकडा जास्त असलेल्यांत डोकेदुखी उलट कमी दिसली. डोकं दुखलं की दाब मोजायचा, आणि दुखण्याने, काळजीने तो थोडा चढलेला सापडायचा, असंही होतं. आपल्याकडे ‘आज डोकं हलकं आहे’ म्हणून गोळी न घेणारे घरोघरी आहेत. त्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण डोक्याच्या हलकेपणावरून आकडा ओळखता येत नाही.

दाबाच्या या गप्प राहण्याला मर्यादा आहे. आकडे फार वर गेले, विशेषतः खालचा आकडा 120 च्या पुढे गेला, तर मेंदूच्या धमन्यांचं आकसणं अपुरं पडू लागतं. जोर सहन न होऊन त्या जागोजागी फुगतात, रक्तातलं पाणी झिरपतं आणि मेंदूला सूज येते. 1928 मध्ये ओपेनहायमर आणि फिशबर्ग यांनी या अवस्थेला नाव दिलं. सुरुवातीच्या तक्रारी मात्र मोघम असतात: डोक्याच्या मागच्या बाजूला, बहुधा सकाळी उठल्यावर ठणका, मळमळ किंवा उलटी, नजर धूसर होणं, पेशंट गोंधळल्यासारखा किंवा पेंगुळल्यासारखा वाटणं. पुढे झटके येऊ शकतात. हृदयावर भार आला तर आडवं झाल्यावर धाप लागते, छाती आवळल्यासारखी वाटते. नाकातून रक्त येणं आणि गरगरणं यांचा दाबाशी संबंध त्या मानाने कच्चा आहे.

12 एप्रिल 1945 ला सकाळी वॉर्म स्प्रिंग्जमध्ये रूझवेल्टांनी ब्रूनला सांगितलं, डोकं किंचित दुखतंय, मान आखडलीय. स्नायू धरले असतील, असं त्यांना वाटलं. थोडं चोळल्यावर बरंही वाटलं. दुपारी एकच्या सुमारास ते चित्रकर्तीसमोर बसले असताना डोक्याच्या मागे भयंकर कळ आल्याचं म्हणाले आणि शुद्ध हरपली. दाब 300/190 च्या वर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. साडेतीनच्या सुमारास ते गेले. सकाळची ती मान आखडणं आणि रोजची मान आखडणं यांत फरक ओळखता आला असता का? तक्रारीवरून तरी नाही.

तक्रार नसताना औषध द्यावं का, या प्रश्नाचं ठोस उत्तर 1967 मध्ये मिळालं. खालचा आकडा 115 ते 129 असलेल्या 143 अमेरिकन माजी सैनिकांपैकी निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना निव्वळ दिसायला तशी गोळी दिली गेली. औषध न मिळालेल्यांत 27 गंभीर प्रसंग घडले, औषध मिळालेल्यांत दोन.

आज डॉक्टर आकड्याइतकंच सोबत काय आहे हेही पाहतात. 180/120 च्या वर आलं, पण बाकी काही होत नसेल, तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, आणि औषध हळूहळू जुळवलं जातं. त्याच आकड्यासोबत छातीत दुखणं, धाप, धूसर नजर, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं, गोंधळणं किंवा अचानक आलेली असह्य डोकेदुखी असेल तर थेट दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात जायचं, वाट पाहायची नाही. घरच्या घरी दाब झपाट्याने उतरवायचा नाही. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची जुनी पद्धत याचमुळे मागे पडली. मेंदूला वरच्या दाबाची सवय झालेली असताना तो एकदम कोसळला तर रक्तच कमी पडतं, आणि पक्षाघात ओढवू शकतो.

गरोदर बाईला हे आकडे लागू नाहीत. तिच्या धमन्यांना वाढलेल्या दाबाची सवय नसते, त्यामुळे 160/110 ला, कधी त्याहून खालीही, मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. पाच महिन्यांनंतर 140/90 किंवा त्यापुढचा आकडा आणि सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.