तंदुरुस्त व्यक्तींमधील एलडीएल आणि आहार

आठवड्यातून चार-पाच दिवस धावणारा, पोट न सुटलेला, रक्तदाब आणि साखर नीट असलेला माणूस रक्ततपासणी करतो आणि अहवालात एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजले जाणारे कोलेस्टेरॉल, १६० च्या पुढे निघते. असे अहवाल दुर्मिळ नाहीत. पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटते ते असे, की प्रयोगशाळेची चूक झाली असावी किंवा 'तंदुरुस्त माणसाला हा आकडा लागू नसावा'. दोन्ही समज बहुतेक वेळा चुकीचे ठरतात. एलडीएल किती राहील हे अंगावरच्या चरबीपेक्षा यकृतावर जास्त अवलंबून असते आणि यकृताच्या या कामात व्यायामाचा वाटा लहान आहे. (या नोंदीतील सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहेत.)

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते रक्तातून प्रथिनांचे वेष्टण असलेल्या कणांत बसून प्रवास करते. एलडीएल हा त्यांपैकी एक कण. त्याचे काम आटोपले की यकृताच्या पेशींवरील ग्राहक, म्हणजे असे कण पकडणारी प्रथिने, त्याला पकडून आत ओढतात आणि तो रक्तातून नाहीसा होतो. या ग्राहकांचा शोध मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी लावला. कोलेस्टेरॉलचे नियमन उलगडल्याबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातले एलडीएल म्हणजे हौदातली पाण्याची पातळी मानली, तर हे ग्राहक त्या हौदाच्या मोऱ्या आहेत. किती मोऱ्या उघड्या आहेत यावर पातळी ठरते. काहींना त्या जन्मतःच कमी मिळतात, काहींच्या आहारामुळे बंद होतात.

व्यायामाचा परिणाम वेगळ्या जागी होतो. काम करणारे स्नायू रक्तातला ट्रायग्लिसराइड हा मेद इंधन म्हणून उचलतात, त्यामुळे नियमित धावणाऱ्याचे ट्रायग्लिसराइड बहुधा कमी असते आणि एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, थोडे चढे असते. मोऱ्यांची संख्या मात्र धावण्याने फारशी बदलत नाही. बसून राहणारा माणूस धावू लागला तर एलडीएल काही अंकांनी उतरेल. जो आधीच आठवड्याला ४० किलोमीटर धावतो, त्याने ६० केले म्हणून अहवाल सुधारत नाही. चांगले एचडीएल आणि कमी ट्रायग्लिसराइड यांनी चढ्या एलडीएलची भरपाई होते, हाही असाच एक दिलासा देणारा पण आधार नसलेला समज आहे. धमनीच्या भिंतीत शिरून अडकतो तो कण, आणि जितके कण जास्त व जितकी वर्षे जास्त, तितका साठा वाढतो. प्रत्येक एलडीएल कणावर अपोबी नावाचे प्रथिन एकच असते, म्हणून शंका असेल तेव्हा अपोबी मोजून कणांची संख्या थेट कळते.

आहारातले काय बदलल्याने आकडा हलतो

सर्वांत खात्रीचा बदल म्हणजे संतृप्त मेद कमी करून त्याच्या जागी असंतृप्त मेद घेणे. यात 'जागी काय घेतले' हा भाग 'काय काढले' याइतकाच महत्त्वाचा आहे. संतृप्त मेदामुळे यकृतावरील ग्राहकांचे काम मंदावते, बहुअसंतृप्त मेदामुळे ते वाढते. नियंत्रित आहाराच्या अनेक प्रयोगांतून मिळालेला हिशोब असा: दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १ टक्का संतृप्त मेद काढून तेवढाच बहुअसंतृप्त मेद घेतला तर एलडीएल सरासरी २ अंकांनी उतरते. एकअसंतृप्त मेद घेतला तर दीड अंकाच्या आसपास, आणि कर्बोदके घेतली तर साधारण सव्वा अंकाने. लोणी बंद करून त्याऐवजी मैद्याची बिस्किटे खाणाऱ्याला निराशा येते ती यामुळेच: एलडीएलमधला फायदा लहान, आणि ट्रायग्लिसराइड वर.

सगळे संतृप्त मेद सारखे नसतात. लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक आम्ले एलडीएल वाढवतात. कोकोच्या मेदात भरपूर असलेले स्टिअरिक आम्ल जवळजवळ तटस्थ आहे. तितकाच मेद लोण्यातून घेतला तर चीजपेक्षा एलडीएल जास्त चढते. खोबरेल तेल 'नैसर्गिक' म्हणून निरोगी मानले जाते, पण त्यात लॉरिक आम्ल सर्वाधिक असल्याने इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल सुमारे १० अंकांनी वाढवते.

दुसरा बदल विद्राव्य तंतूंचा. इसबगोल आणि ओटमधील बीटाग्लुकान आतड्यात जेलसारखे घट्ट होतात आणि पित्ताम्लांना शौचावाटे बाहेर नेतात. पित्ताम्ले पुन्हा बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागते, ते मिळवायला ते जास्त ग्राहक उघडते. रोज १० ग्रॅम इसबगोलाने १० ते १३ अंकांची घट दिसते. बीटाग्लुकानचे ३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७५ ते ८० ग्रॅम कोरडे ओट, घेतल्यास १० च्या आसपास. इसबगोल अर्ध्या अर्ध्या मात्रेत, भरपूर पाण्याबरोबर आणि जेवणाच्या वेळी घ्यावे. थेट १० ग्रॅमने सुरुवात केली तर पोट फुगते आणि बहुतेक लोक आठवड्यात ते सोडून देतात.

तिसरी गोष्ट तंदुरुस्त लोकांत हमखास नजरेतून सुटते: न गाळलेली कॉफी. उकळलेल्या किंवा दट्ट्याच्या भांड्यात केलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचे तेलकट द्रव्य उतरते आणि ते यकृताचे पित्ताम्ल बनवण्याचे काम मंदावते. कागदी गाळणीत ते अडकून राहते. दिवसातून एक कप असेल तर विसरून जावे, पाच-सहा कप असतील तर हा बदल करून पाहण्याजोगा आहे.

अंड्यांचा प्रश्न जितका गाजतो तितका परिणामाने मोठा नाही. अन्नातले कोलेस्टेरॉल वाढले की बहुतेकांत यकृत स्वतःची निर्मिती कमी करते. काही जणांत ही भरपाई अपुरी पडते, आणि ते फक्त स्वतःवर करून पाहिल्यानेच कळते. साखर कमी करण्याचा फायदा ट्रायग्लिसराइडमध्ये दिसतो. लसणाच्या गोळ्या आणि माशाच्या तेलाने एलडीएलसाठी उपयोग होईल अशी आशा ठेवू नये.

एक उदाहरण

४१ वर्षांचा एक धावपटू, वजन ६८ किलो, आहार दिवसाला २,६०० उष्मांक. पहिल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४४, एचडीएल ६२, ट्रायग्लिसराइड ७०. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. म्हणजे २४४ वजा ६२ वजा १४, बरोबर १६८. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर १५६ आले. मध्ये काहीच बदलले नव्हते. एलडीएल स्वतःहून इतके वरखाली होतच असते, म्हणून सुरुवातीचा आकडा दोन्हींची सरासरी, १६२, धरला.

आहार लिहून काढला तेव्हा रोजचा संतृप्त मेद ४३ ग्रॅम निघाला, म्हणजे उष्मांकांच्या १५ टक्के. त्यातले २७ ग्रॅम दोनच ठिकाणांहून येत होते: सकाळच्या कॉफीतले ३० ग्रॅम लोणी आणि स्वयंपाकातला चमचाभर खोबरेल तेलाचा वाटा. लोणी गेले, त्याच्या जागी मूठभर अक्रोड आले. तेल सूर्यफुलाचे झाले. शिवाय रोज १० ग्रॅम इसबगोल सुरू झाले. अक्रोड आणि सूर्यफूल तेलातही थोडा संतृप्त मेद असतो, तो धरून निव्वळ घट सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे उष्मांकांच्या ८ टक्के. प्रत्येक टक्क्याला दोन अंक धरले तर १६ अंकांची अपेक्षा. इसबगोलाचे १० ते १३ धरले तर एकूण घट २६ ते २९. चीज, अंडी आणि धावणे तसेच ठेवले.

आठ आठवड्यांनी १३८, पुढच्या पंधरवड्यात १३०, सरासरी १३४. घट २८. हिशोबाशी ती जुळते, पण खरा मुद्दा पडताळणीचा आहे. एकेकच तपासणी केली असती तर निव्वळ नैसर्गिक चढउतारानेही पाचव्या हिश्शाइतका फरक दिसू शकला असता, आणि इथली घट १७ टक्के आहे. आधी दोन आणि नंतर दोन तपासण्या केल्यामुळेच ती विश्वासार्ह ठरते. ताप किंवा संसर्गानंतरचे दोन-तीन आठवडे, लांब शर्यतीनंतरचे काही दिवस आणि वजन झपाट्याने उतरत असतानाचा काळ तपासणीसाठी टाळावा. आहार बदलल्यावर पातळी स्थिरावायला तीन-चार आठवडे लागतात, त्याआधीचा अहवाल दिशाभूल करतो.

सडपातळ व्यक्ती आणि अत्यल्प कर्बोदके

काही सडपातळ, कसरती व्यक्ती कर्बोदके जवळजवळ बंद करतात आणि त्यांचे एलडीएल २०० च्या वर जाते, एचडीएल ८० च्या वर आणि ट्रायग्लिसराइड ७० च्या खाली असते. २०१७ पासून अशा व्यक्तींचा वेगळा गट म्हणून विचार होऊ लागला. विशेष म्हणजे त्याच आहारावर स्थूल व्यक्तींचे एलडीएल सहसा फारसे चढत नाही. जितका माणूस बारीक तितकी वाढ मोठी. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, संपल्यावर बारीक शरीराला मेदाची वाहतूक वाढवावी लागते आणि त्या वाहतुकीचे अवशेष एलडीएल म्हणून उरतात, असे एक स्पष्टीकरण मांडले जाते. दिवसाला ५० ते १०० ग्रॅम कर्बोदके पुन्हा सुरू केल्यावर आकडा वेगाने उतरल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे अशा व्यक्तीने औषधाचा विचार करण्यापूर्वी हा प्रयोग करून पाहावा. मात्र बाकी सगळे ठीक आहे म्हणून इतके एलडीएल निरुपद्रवी आहे, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

आहार कुठे थांबतो

सगळे बदल एकत्र केले, त्यात रोज २ ग्रॅम वनस्पती स्टेरॉल आणि सोया-सुकामेवाही जोडला, तर संशोधक डेव्हिड जेंकिन्स यांच्या २००३ मधील प्रयोगात एलडीएल चतुर्थांशाहून अधिक उतरले होते. पण तिथे अन्न पुरवलेले होते. २०११ मध्ये लोकांनी घरी स्वतः तोच आहार पाळला तेव्हा घट १३ ते १४ टक्के राहिली.

आकडा न हलल्यास आधी थायरॉइड तपासावे. थायरॉइड मंद असेल तर ग्राहक कमी होतात आणि कोणताही आहार पुरा पडत नाही. खूप व्यायाम आणि अपुरे खाणे, विशेषतः पाळी थांबलेल्या धावपटू स्त्रियांत, यानेही एलडीएल चढते. तिथे उपाय कमी खाण्याचा नाही, जास्त खाण्याचा आहे. एलडीएल सतत १९० च्या वर असेल तर आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा विचार करावा. तो साधारण २५० ते ३०० जणांत एकाला असतो, त्यात बहुधा ग्राहकांचे जनुकच सदोष असते. अशा माणसाला आहाराने मिळणारी घट खरी असली तरी अपुरी पडते, औषध लागते, आणि त्याच्या आईवडील, भावंडे व मुलांचे एलडीएल एकदा मोजून घ्यावे लागते.