पोझिशनचा सरासरी भाव आणि प्रत्येक फिलचा खरेदी खर्च

आपोआप सौदे करणारं रुटीन लिहिताना बहुतेक जण एक आकडा हटकून जपून ठेवतात, तो म्हणजे पोझिशनचा सरासरी भाव. स्टॉप कुठे लावायचा, नफा कुठे काढून घ्यायचा, आणखी घ्यायचं की थांबायचं, हे सगळं त्याच्यावर ठरतं. वर्ष संपलं की करासाठी खरेदी खर्च लागतो, आणि तेव्हा हाच आकडा पुढे केला जातो. दोन्ही ‘मला हे कितीला पडलं’ या एकाच प्रश्नाची उत्तरं वाटतात, म्हणून गोंधळ होतो. प्रत्यक्षात सरासरी भाव ही आत्ताची स्थिती असते आणि खरेदी खर्च हा इतिहास. स्थिती दर सौद्याला पुसून नव्याने लिहिली जाते. एकदा पुसलेली स्थिती मागे उलगडून इतिहास काढता येत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. चलन कुठलंही धरा. रुटीनने मार्चमध्ये १० नगांची खरेदीची ऑर्डर टाकली. ती दोन तुकड्यांत भरली, आणि अशा प्रत्येक तुकड्यालाच फिल म्हणतात: ४ नग १०० भावाने, शुल्क २; मग ६ नग १०२ भावाने, शुल्क ३. जूनमध्ये आणखी १० नग १२० भावाने घेतले, शुल्क ६. सप्टेंबरमध्ये ८ नग ११५ भावाने विकले, शुल्क ४.

रुटीनच्या नजरेतून विक्रीच्या क्षणी सरासरी भाव ११०.६ आहे. वीस नगांना शुल्क सोडून २२१२ मोजले, भागिले वीस. विक्रीचा नफा ८ गुणिले ४.४, म्हणजे ३५.२. बऱ्याच प्लॅटफॉर्मच्या पडद्यावर ‘रिअलाइज्ड’ या नावाखाली असाच आकडा दिसतो, आणि सौद्याचा निर्णय घ्यायला तो पुरेसा आहे.

आता हीच विक्री करासाठी मोजू. आधी घेतलेलं आधी गेलं, म्हणजे फिफो, असा नियम असेल तर ८ नगांपैकी पहिले ४ पहिल्या फिलमधून जातात, शुल्कासह खर्च ४०२. उरलेले ४ दुसऱ्या फिलमधून जातात. तिथे ६ नगांना ६१५ पडले होते, म्हणजे नगाला १०२.५, आणि चारांचे ४१०. एकूण खर्च ८१२. विक्रीतून शुल्क वजा जाता हाती ९१६ आले. नफा १०४.

नियम सरासरीचा असला तरी उत्तर ३५.२ येत नाहीच. तिन्ही खरेद्यांचा शुल्कासह खर्च २२२३ आहे, म्हणजे नगाला १११.१५ आणि आठांचे ८८९.२. नफा २६.८. तेच सौदे, तेच आठ नग, आणि तीन वेगळे आकडे. रुटीनने फक्त ११०.६ जपलं असेल तर त्यातून ना १०४ निघतात ना २६.८.

‘माझ्याकडे सरासरीच चालते, मग सरासरीच ठेवतो’ हा युक्तिवाद इथे नेहमी येतो. तो टिकत नाही, कारण करातली सरासरी आणि पडद्यावरची सरासरी एकाच पद्धतीने बनत नाहीत. ब्रिटनचा शेअरसाठीचा नियम बघा. विकलेला नग आधी त्याच दिवशीच्या खरेदीशी जुळवायचा, मग विक्रीनंतरच्या ३० दिवसांतल्या खरेदीशी, आणि त्यातून उरलेल्यालाच साठ्याची सरासरी लावायची. विक्रीनंतर वीस दिवसांनी रुटीनने पुन्हा घेतलं तर आधीच्या विक्रीचा नफा मागे जाऊन बदलतो. पुढे पुढेच सरकणाऱ्या सरासरीला हे कधीच जमणार नाही. शिवाय पडद्यावरची सरासरी एका खात्यापुरती असते. पोझिशन शून्यावर आली की ती नव्याने सुरू होते, आणि दुसऱ्या खात्यातून आणलेल्या मालाला काही ठिकाणी आणलेल्या दिवसाचा बाजारभाव चिकटवला जातो. त्या भावाने तुम्ही काहीच विकत घेतलेलं नसतं.

म्हणून लॉगमध्ये मूळ एकक फिल असावं. वरचे चार फिल मी असे लिहीन:

```
exec_id,order_id,time_utc,side,qty,price,fee,fee_ccy,fx
e1,o1,2025-03-03T09:15:02Z,BUY,4,100,2,HOME,1
e2,o1,2025-03-03T09:15:07Z,BUY,6,102,3,HOME,1
e3,o2,2025-06-10T11:40:31Z,BUY,10,120,6,HOME,1
e4,o3,2025-09-18T10:02:44Z,SELL,8,115,4,HOME,1
```

यात सरासरीचा रकाना नाही, आणि तो मुद्दाम नाही. सरासरी या ओळींवरून कधीही काढता येते. उलटा रस्ता नाही. शुल्कही भावात मिसळलेलं नाही. खरेदीचं शुल्क खर्चात धरायचं आणि विक्रीचं विक्रीमूल्यातून वजा करायचं, ही रीत बऱ्याच ठिकाणी चालते, पण सगळीकडे आणि सगळ्या मालमत्तांना नाही. शुल्क वेगळं लिहिलेलं असेल तर लागू पडणारा नियम नंतर लावता येतो. आधीच भावात कालवलं तर ते परत वेगळं काढायला वर्षाअखेरीस प्रत्येक पावती उघडावी लागते.

`fx` हा रकाना सगळ्यात जास्त गाळला जातो. सौदा परक्या चलनात किंवा एका टोकनच्या बदल्यात दुसऱ्या टोकनमध्ये झाला असेल, तर त्या फिलच्या वेळचा घरच्या चलनातला दर तिथेच लिहून ठेवायचा. दिवसाचा अधिकृत दर धरायचा नियम असेल तर तो नंतरही मिळतो. पण त्या मिनिटाचा दर लागणार असेल तर नऊ महिन्यांनी तो शोधत बसणं फार जिकिरीचं होतं, आणि एखाद्या कमी व्यवहाराच्या टोकनचा तर सापडेलच असं नाही.

आता ज्या चुकीने माझा पूर्ण आठवडा गेला ती सांगतो. सरासरी आणि फिल यांची गल्लत लॉगच्या आतसुद्धा होते, कारण दोन्ही आकडे एकाच संदेशात शेजारी शेजारी येतात. ब्रोकरशी बोलायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या `FIX` प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक फिलला एक `ExecutionReport` येतो. त्यात `LastQty` आणि `LastPx` हे या फिलचे नग आणि भाव असतात, तर `CumQty` आणि `AvgPx` हे त्या ऑर्डरचे आतापर्यंतचे एकूण नग आणि सरासरी. माझं रुटीन नग `LastQty` मधून घेत होतं आणि भाव `AvgPx` मधून. एकाच फिलमध्ये भरणाऱ्या ऑर्डरला दोन्ही भाव सारखेच असतात, त्यामुळे कितीतरी दिवस काहीच खटकलं नाही.

आपल्या मार्चच्या ऑर्डरवर ही चूक लावून बघा. पहिल्या ओळीत भाव १०० बरोबर येतो. दुसऱ्या ओळीत १०२ ऐवजी १०१.२ लिहिला जातो, आणि ६ नगांचे ६१२ ऐवजी ६०७.२ होतात. खर्च ४.८ ने कमी नोंदला गेला, म्हणजे पुढे नफा तेवढाच फुगणार. बाजार वर सरकत असताना खरेदी तुकड्यांत भरली की दरवेळी चूक याच दिशेने होते, म्हणून अशा काळात ती एकमेकांत फिटत नाही, साचत जाते. ओळखायची खूण सोपी आहे. ऑर्डर पूर्ण झाली की तिच्या सगळ्या फिलचं नग गुणिले भाव यांची बेरीज घ्यायची आणि ती शेवटच्या `CumQty` गुणिले `AvgPx` शी ताडायची. इथे १० गुणिले १०१.२, म्हणजे १०१२. ब्रोकर सरासरी पूर्णांकित करून पाठवत असेल तर शेवटच्या दशांशात फरक राहील, ४.८ चा राहणार नाही.

दुसरी चूक दुबार नोंदीची. जोडणी तुटून पुन्हा जुळली की तेच फिल परत येऊ शकतं. वेळ आणि भाव सारखे दिसले म्हणून ओळ गाळायची नाही, कारण एकाच सेकंदात एकाच भावाने दोन खरे फिल सहज होतात. `exec_id` हीच ओळख धरायची आणि खात्यात ती एकदाच येऊ द्यायची. एक्सचेंजने सौदा रद्द केला किंवा भाव दुरुस्त केला तरी जुन्या ओळीला हात लावायचा नाही. जुन्या ओळखीचा उल्लेख असलेली नवी ओळ खाली लिहायची. मग एखादा आकडा का बदलला हे लॉगच सांगतो.

विक्री कुठल्या खरेदीवर बसली ही जुळवणी मात्र या लॉगमध्ये लिहू नये, ती वेगळ्या तक्त्यात असावी. फिल ही घडलेली गोष्ट आहे आणि जुळवणी हा नियमाचा निकाल आहे. नियम बदलला तर फक्त तो तक्ता पुन्हा काढायचा. फिफोने `e4` चे दोन भाग पडतात: ४ नग `e1` वर, विक्रीचे ४५८, खर्च ४०२, नफा ५६; आणि ४ नग `e2` वर, विक्रीचे ४५८, खर्च ४१०, नफा ४८. आपल्या उदाहरणात दोन्ही खरेद्या एकाच दिवसाच्या आहेत. त्या वेगवेगळ्या महिन्यांतल्या असत्या आणि मालमत्ता किती काळ जवळ होती यावर कराचा दर ठरत असता, तर एका विक्रीच्या या दोन ओळी विवरणात वेगवेगळ्या खान्यांत गेल्या असत्या. वर्षाच्या कडेला झालेल्या फिलसाठीही असंच जपावं लागतं. वेळ यूटीसीमध्ये जपायची आणि कराची तारीख तुमच्या देशाच्या घड्याळाने काढायची, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपासचं फिल चुकीच्या वर्षात जाऊन बसतं.

जुळवणी झाली की एक ताळा नक्की करावा. विकलेल्या मालाचा खर्च आणि शिल्लक मालाचा खर्च यांची बेरीज एकूण खरेदी खर्चाइतकीच यायला हवी. फिफोमध्ये विकलेल्याचे ८१२, शिल्लक `e2` मधले २ नग २०५ चे आणि `e3` मधले १० नग १२०६ चे, मिळून १४११, बेरीज २२२३. सरासरीने ८८९.२ आणि १३३३.८, बेरीज तीच. ही बेरीज चुकली तर एखाद्या फिलचे नग दोनदा वापरले गेलेत किंवा कुठल्या तरी लॉटचा, म्हणजे एका खरेदीच्या मालाचा, उरलेला भाग गळलाय. आकडे दशांश प्रकारात किंवा मजकूर म्हणून ठेवले तर ताळा नेमका जुळतो. `float` मध्ये ठेवले तर शेवटी बारीक फरक उरतात आणि खरी चूक त्यांच्या आड दडते.

रकमांचा ताळा जुळूनही शिल्लक नग एक्सचेंजच्या आकड्याशी जुळत नसतील, आणि फरक प्रत्येक खरेदीनंतर थोडा थोडा वाढत असेल, तर आधी `fee_ccy` बघा. क्रिप्टोत खरेदीचं शुल्क अनेकदा घेतलेल्या नाण्यातूनच कापलं जातं. १० नाणी घेतली आणि ०.०१ कापलं, तर १००० मोजून हातात ९.९९ आली. शुल्क खर्चात धरणाऱ्या नियमाने तो लॉट ९.९९ नाण्यांचा आणि १००० खर्चाचा लिहायचा. त्यावर ०.०१ नाण्याची किंमत पुन्हा मिळवायची नाही, कारण ते पैसे त्या १००० मध्ये आधीच आहेत. काही ठिकाणी असं नाण्यातून दिलेलं शुल्क ही त्या ०.०१ नाण्याची स्वतंत्र विक्री मानली जाते. तिथे या एका फिलमधून दोन नोंदी निघतात, आणि त्यासाठी लागणारे शुल्क, त्याचं चलन व त्या वेळचा दर हे तिन्ही आकडे वरच्या ओळीत आहेत.