अशाब्दिक तर्कचाचणीचा सराव (पुणे)

आकृतिमालिका, आरशातील प्रतिमा व कागदाच्या घड्या यांवरील प्रश्न जुन्या स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून सोडवण्याचा अभ्यास. पुण्यातील मुलांची या प्रश्नांशी ओळख बहुधा शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत होते. ही परीक्षा पुण्यातीलच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पुढे रेल्वे वा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांच्या तयारीसाठी सदाशिव व नारायण पेठांतील अभ्यासिकांत हेच प्रश्न पुन्हा हाती येतात. जुने संच अप्पा बळवंत चौकात मिळतात.

उगमाविषयी एकमत नाही. काही जण या साऱ्या प्रकारांचे मूळ अमेरिकी सैन्याच्या 1917 च्या सुमाराच्या ‘बीटा’ चाचणीत पाहतात. निरक्षर व इंग्रजी न येणाऱ्या सैनिकांसाठीच्या या चाचणीत चिन्हांची मालिका पुरी करावयाची असे, म्हणून मालिकांपुरते हे मत ग्राह्य वाटते. घडीच्या प्रश्नाचे मूळ मात्र त्याहून जुने, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापनश्रेणीत मानणे अधिक सयुक्तिक आहे. तीत घडी घातलेला कागद कापून, तो उलगडल्यावर कसा दिसेल हे काढून दाखवावयाचे असे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी केलेल्या या श्रेणीच्या 1916 च्या स्टॅनफर्ड आवृत्तीतही ही कसोटी कायम राहिली.

आजच्या घडीच्या प्रश्नात दुमडलेल्या कागदाला छिद्र पाडलेले असते आणि उलगडल्यावर छिद्रे कोठे दिसतील हे ओळखायचे असते. तो सोडवण्याची खात्रीची रीत म्हणजे शेवटची घडी प्रथम उलगडणे. उदाहरणार्थ, चौरसाचे चार ओळी व चार स्तंभ असे भाग कल्पावेत. उजवीकडचा चौथा स्तंभ तिसऱ्यावर आणि नंतर खालची चौथी ओळ तिसरीवर दुमडली. पहिल्या स्तंभात, तिसऱ्या ओळीत छिद्र पाडले, तर तेथे कागदाचे दोनच थर असतात. उलगडल्यावर छिद्रे दोन दिसतात : पहिल्या स्तंभात, तिसऱ्या व चौथ्या ओळीत. तेच छिद्र तिसऱ्या स्तंभात पाडल्यास थर चार, म्हणून छिद्रेही चार. ‘दोन घड्या म्हणजे चार छिद्रे’ हा पाठ केलेला नियम येथेच फसतो. कागद अर्धा न दुमडता कडेची पट्टीच दुमडली असेल, तर थर जागोजागी मोजावे लागतात.

छिद्रांची संख्या जुळली तरी उत्तर चुकू शकते. प्रत्येक छिद्र घडीच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना समान अंतरावर हवे. गोल छिद्राला दिशा नसते. त्रिकोणी छिद्राचे टोक मात्र उलटते. उभ्या घडीत उजवीकडचे टोक डावीकडे वळते. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणाऱ्या तिरक्या घडीत तेच टोक खाली येते. चुकीच्या पर्यायांपैकी एकात छिद्रांच्या जागा बरोबर ठेवून फक्त टोके तशीच राहू दिलेली असतात, आणि घाईत तोच निवडला जातो. आरशातील प्रतिमेच्या प्रश्नाचा सराव येथे थेट उपयोगी पडतो, कारण प्रत्येक घडीची रेषा हा आरसाच असतो.

झेरॉक्स प्रतींची एक अडचण लक्षात ठेवावी. घडीची तुटक रेषा वा बारीक छिद्र पुसट होते आणि प्रश्नच बदलतो. काढलेले उत्तर चारही पर्यायांत नसेल, तर मूळ छपाईशी आकृती ताडून पाहावी. त्यानंतरही मेळ बसला नाही, तर कागद प्रत्यक्ष दुमडून, टाचणीने टोचून पाहणे हाच निर्णायक पुरावा. संचामागच्या उत्तरसूचीत मुद्रणदोष असू शकतात.