पापण्यांचा ब्लेफरायटिस आणि रोजची पापणी-सफाई

ब्लेफरायटिस म्हणजे पापणीच्या कडेला, जिथून केस उगवतात तिथे, सतत राहणारी सूज. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात, केसांच्या मुळाशी पिवळट-पांढरी खपली दिसते, कडा लालसर होतात, खाज सुटते आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत राहतं. याने सहसा नजर जात नाही, पण तो पूर्ण बराही होत नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी नीट कळली नाही तर माणूस एका ड्रॉपवरून दुसऱ्या ड्रॉपवर फिरत राहतो.

खपली कशी आहे यावरून बरंच समजतं. ठिसूळ, कडक कण केसाभोवती चिकटले असतील आणि ते काढल्यावर खाली कातडी ओली-लाल दिसत असेल तर बहुतेक स्टॅफिलोकॉकस जंतूंचा भाग असतो. तेलकट, सहज निघणारा कोंडा असेल तर डोक्यात आणि भुवयांतही कोंडा आहे का ते बघायचं, कारण तिथला इलाज केल्याशिवाय पापणी शांत राहत नाही. आणि केसाच्या मुळाला नळीसारखं पांढरट वेष्टन असेल, जणू केसाला बाही चढवलीय, तर तो डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याचा मोठा पुरावा मानतात. हा किडा केसाच्या मुळाशी राहतो, बऱ्याच निरोगी लोकांतही असतो, वयाबरोबर वाढतो, त्यामुळे सापडला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण संख्या वाढली की केसांच्या मुळाशी खाज येते, विशेषतः सकाळी. डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रापुढे, बसवून "खाली बघा" म्हणतात ते वरच्या पापणीच्या केसांची मुळं दिसावीत म्हणून. ही तपासणी मिनिटभराची असते आणि न सांगता राहून जाऊ शकते, तेव्हा खाज केसांच्या मुळाशी आहे हे स्वतःहून सांगावं. ॲलर्जीची खाज बहुतेक नाकाकडच्या कोपऱ्यात जास्त असते, सोबत पाणी आणि शिंका, एवढा फरक घरच्या घरी लक्षात ठेवायला पुरतो.

पापणीच्या कडेतच मायबोमियन ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. त्या अश्रूंवर तेलाचा पातळ थर सोडतात म्हणून अश्रू लवकर सुकत नाहीत. कडेला सूज राहिली की हे तेल घट्ट होतं, तोंडं बुजतात, आणि मग डोळा कोरडा पडतो, जळजळतो किंवा उलट सारखं पाणी येतं. पुण्यात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हवा कोरडी असते, त्यात दुचाकीवर वारा आणि धूळ, ऑफिसात एसी आणि समोर स्क्रीन, म्हणून तोच ब्लेफरायटिस इथे जास्त जाणवू शकतो. मूळ कारण मात्र पापणीतच असतं, हवा फक्त त्रास वाढवते.

एक उदाहरण घेऊ. समजा कोथरूडच्या एक बाई आहेत, वय 48, रोज स्कूटरने पेठेत कामाला जातात, रोज पापणीच्या आतल्या कडेला काजळ लावतात. त्यांना वारंवार रांजणवाडी होते, सकाळी डोळे चिकटतात. मेडिकलवाल्याने दिलेला ड्रॉप घातला की आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा जैसे थे. अशा ड्रॉपमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, म्हणून सूज झटकन उतरते, पण खपली आणि घट्ट तेल तिथेच राहतं, आणि देखरेखीशिवाय महिनोन्महिने वापरलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. तपासणीत त्यांच्या केसांच्या मुळाशी नळीसारखी खपली दिसते आणि पापणी हलकी दाबल्यावर तेल टूथपेस्टसारखं घट्ट निघतं. म्हणजे डेमोडेक्स आणि बुजलेल्या ग्रंथी या दोन्ही गोष्टी आहेत, आणि सफाईचा क्रम त्यावरच ठरतो: आधी शेक, मग मालिश, शेवटी पुसणं.

शेक देताना सगळ्यात जास्त चूक होते. स्वच्छ नॅपकिन कोमट-गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला आधी लावून बघायचा, सोसवेल इतपतच गरम, साधारण 40 अंशांच्या आसपास. नॅपकिन दोनेक मिनिटांत गार होतो आणि तेल वितळायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून पुन्हा बुडवत बुडवत 5 ते 10 मिनिटं द्यायची. एकदा ठेवला आणि झालं असं केलं तर फायदा फारसा होत नाही. बाजारात गरम राहणारे डोळ्यांचे मास्क मिळतात, ज्यांना नॅपकिनचा कंटाळा येतो त्यांनी ते घ्यावेत, मला तेच जास्त टिकणारं वाटतं. शेकल्यावर लगेच, तेल गार व्हायच्या आत, बोटाने हलकं मालिश: वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेने. डोळ्याच्या बुबुळावर जोर द्यायचा नाही.

मग पुसणं. पापण्यांसाठी मिळणारे वाइप किंवा फोम सगळ्यात सोपे, नाहीतर उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. बेबी शाम्पूचे थेंब टाकण्याची जुनी पद्धत अजून चालते पण काहींना तो झोंबतो. डोळे मिटून केसांच्या मुळावरून आडवं, हळूहळू, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. खपली नखाने ओढून काढायची नाही, ती शेकाने मऊ होऊन निघते. डेमोडेक्स असेल तर डॉक्टर टी ट्री तेलाचा घटक असलेले, खास पापणीसाठी बनवलेले वाइप सुचवतात. शुद्ध टी ट्री तेल दुकानातून आणून लावू नका, त्याने बुबुळ भाजतं. लोटिलानर नावाचा या किड्यावरचा ड्रॉप अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाला, तो सहा आठवडे घालतात.

हे सगळं सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ. किड्याचं जीवनचक्र दोन-तीन आठवड्यांचं असल्यामुळे आठ-दहा दिवसांत थांबलात तर उरलेली अंडी पुन्हा वाढतात, म्हणून निदान सहा ते आठ आठवडे नेटाने करायचं. वरच्या उदाहरणातल्या बाईंना साधारण महिनाभरात चिकटणं कमी झालेलं दिसायला हवं, कोरडेपणा जरा उशिरा कमी होतो, तोवर लुब्रिकंट ड्रॉप. मग दिवसातून एकदा, पुढे आठवड्यातून काही वेळा, पण पूर्ण बंद नाही. काजळ आतल्या कडेला नको, कारण ते ग्रंथींच्या तोंडांवरच बसतं, आणि जुन्या काजळाच्या डब्या, मस्कारा टाकूनच द्यावेत. रुमाल आणि उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवायचे. तरी सूज राहिली तर डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन देतात, यातलं दुसरं गरोदरपणात आणि लहान मुलांना देत नाहीत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर पापणीच्या त्रासाचं सर्जनला आवर्जून सांगा, कारण कडेवरचे जंतू ऑपरेशनच्या वेळी आत जाऊन गंभीर संसर्ग होऊ शकतो आणि त्यासाठी आधी काही आठवडे सफाई करवून घेतात. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर धूसर झाली असेल तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि एकाच पापणीला महिनोन्महिने त्रास, त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ, तिथले केस झडलेले, असं असेल तर तो ब्लेफरायटिस समजून चालवून नेऊ नये. तेलग्रंथीचा कर्करोग असा वेष घेऊन येतो आणि भारतात पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे. अशा वेळी तुकडा काढून तपासायला पाठवावाच लागतो.