खाचरातलं शेवाळ, यादवाडचा चुनखडक आणि ऑक्सिजनचा हिशेब

आमच्या भावकीच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी तोच मेसेज फिरत असतो, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो म्हणून रात्री पिंपळाखाली झोपा, आणि त्याच्या खाली अमेझॉनचं जंगल म्हणजे पृथ्वीचं फुफ्फुस. पहिली गोष्ट सरळ चूक आहे, ऑक्सिजन सोडायला उजेड लागतो, अंधारात पिंपळ काय आणि तुळस काय, आपल्यासारखाच ऑक्सिजन घेत असतात. दुसऱ्या गोष्टीतली चूक जरा आत दडलेली आहे. मी हे ग्रुपवर लिहिलं तर शेजारच्या अण्णांनी विचारलं, "मग एवढा ऑक्सिजन हवेत आला कुठनं बाबा, झाडं नाही म्हणतोस तर?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर मेसेजात मावणारं नव्हतं म्हणून इथं लिहितोय.

खानापूरकडं आमचं थोडं भाताचं शेत आहे. पावसाळा सरता सरता खाचराच्या एका कोपऱ्यात पाणी साचून राहतं आणि तिथं चिखलावर हिरवट-काळपट, बुळबुळीत कातडं धरतं. आपण त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो. गेल्या वर्षी मी खुरप्यानं त्या कातड्याचा चिखलासकट चौकोनी तुकडा कापून काढला, बर्फी कापतो तसा, आणि बाजूनं बघितला. वर जेमतेम एक-दोन मिलिमीटर गडद हिरवा थर, त्याच्या खाली गंजासारखी बारीक तांबूस रेघ, आणि मग एकदम काळा चिखल. नाकाजवळ नेला तर कुजक्या अंड्याचा वास. सगळं मिळून बोटाच्या एका पेरात बसेल एवढं, पण वरती ऑक्सिजनचे बुडबुडे आणि नखभर खाली ऑक्सिजनचा पत्ता नाही!

याला मायक्रोबियल मॅट म्हणतात, मराठीत जीवाणूंची चटई म्हणूया. वरच्या हिरव्या थरात मुख्य मंडळी म्हणजे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशात पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारे जीवाणू. पाणी फोडायची ही युक्ती पृथ्वीवर त्यांनीच पहिल्यांदा साधली आणि झाडाच्या पानात जे हिरवे कण असतात ते याच जीवाणूंच्या वंशातले. त्यांच्या खाली, जिथं उजेड अजून थोडा पोचतो पण ऑक्सिजन संपलेला असतो, तिथं बऱ्याच चटयांत जांभळे जीवाणू असतात. ते पाण्याच्या ऐवजी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच अंड्याचा वास, वापरून प्रकाशसंश्लेषण करतात आणि ऑक्सिजन अजिबात सोडत नाहीत. आणि तळाला काळ्या थरात वरच्यांचं मेलेलं शरीर खाऊन सल्फेटपासून ते सल्फाइड तयार करणारे. काळा रंग येतो तो लोखंड आणि सल्फाइड एकत्र आल्यामुळं.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त वेड आहे ते सांगतो. 1980 च्या आसपास डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात रेव्हस्बेक आणि योर्गेनसन या दोघांनी काचेची अशी सुई वापरली की जिचं टोक केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि ती चटईत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी पुढं सरकवत प्रत्येक ठिकाणी ऑक्सिजन मोजला. भर उन्हात वरच्या मिलिमीटरमध्ये साध्या पाण्यात विरघळतो त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन, आणि दोन-चार मिलिमीटर खाली शून्य. मग त्यांनी दिवा बंद केला. काही मिनिटांत वरचा सगळा ऑक्सिजन गायब! म्हणजे तो हवेत गेला असं नाही हं, थोडा गेला असेल, पण बराचसा चटईतल्याच इतर जीवाणूंनी आणि खालून वर येणाऱ्या सल्फाइडनं तिथल्या तिथं खाऊन टाकला.

इथंच अण्णांच्या प्रश्नाचं मर्म आहे. हिरव्या जीवाणूनं एक कार्बन डायऑक्साइड पकडून साखर केली की एक ऑक्सिजनचा रेणू सुटतो. तीच साखर नंतर कुणी खाल्ली, सडवली किंवा जाळली की तोच एक रेणू परत लागतो. जमाखर्च शून्य. अमेझॉनचंही असंच आहे, जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं जवळपास तेवढाच तिथली झाडं रात्रंदिवस श्वासात घेतात आणि पडलेला पालापाचोळा सडवणारी बुरशी-वाळवी संपवतात. उद्या जगातली सगळी झाडं जाळली तरी हवेतला ऑक्सिजन एक टक्क्यानंही कमी होणार नाही. झाडं तोडा असं मी अजिबात म्हणत नाही, पाऊस, माती, सावली, पक्षी यांच्यासाठी ती हवीतच, फक्त ऑक्सिजनच्या नावानं त्यांची जाहिरात करणं खोटं आहे.

मग शिल्लक कधी पडते? जेव्हा तयार झालेला जैविक कार्बन कुणी खायच्या आधीच गाडला जातो तेव्हा. 12 ग्रॅम कार्बन न सडता गाळाखाली कायमचा गेला की 32 ग्रॅम ऑक्सिजनला गिऱ्हाईकच उरत नाही आणि तो हवेत राहतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन म्हणजे कोट्यवधी वर्षांत गाडल्या गेलेल्या कार्बनची पावती आहे.

आणि गाडायचं काम या चटया आपसूक करत होत्या. उथळ समुद्रात चटईवर लाटेबरोबर बारीक वाळू-गाळ येऊन बसतो, वरच्या चिकट द्रवात अडकतो, उजेड झाकला जातो. धाग्यासारखे सायनोबॅक्टेरिया सरपटत त्या गाळातून वर येतात आणि नवीन चटई विणतात, जुनी खाली राहते. शिवाय त्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला की तिथलं पाणी अल्कलीकडं झुकतं आणि चुना आपोआप बसायला लागतो, घागरीच्या आत पांढरा थर बसतो तसाच. थरावर थर चढत घुमट किंवा खांब तयार होतो, त्याला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. हे नाव जर्मन भूवैज्ञानिक काल्कोव्स्की यांनी 1908 मध्ये दिलं. ऑस्ट्रेलियात शार्क बे इथं हॅमेलिन पूल नावाच्या खाडीत ते आजही वाढतात, वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, म्हणजे वीतभर घुमटाला चारशे-पाचशे वर्षं सहज. तिथंच का टिकले, तर पाणी समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट, त्यामुळं चटई खरवडून खाणाऱ्या गोगलगायी फारशा जगत नाहीत. आपल्या खाचरात गोगलगायी आणि बेडकाची पिल्लं ती चार दिवसांत फस्त करतात.

सगळ्यात जुने, बहुतेकांना मान्य असलेले स्ट्रोमॅटोलाइट पश्चिम ऑस्ट्रेलियात आहेत, सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीचे. पण हवेत ऑक्सिजन टिकून राहायला लागला तो जवळपास 240 ते 230 कोटी वर्षांपूर्वी. मधली शंभर कोटी वर्षं काय झालं? एक तर जुन्या चटयांतले सगळेच जीवाणू ऑक्सिजन सोडणारे होते असं नाही, नुसता थरांचा खडक दिसला म्हणून ऑक्सिजन होता असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि दुसरं म्हणजे घेणेकरी फार होते. तेव्हाच्या समुद्रात विरघळलेलं लोखंड प्रचंड होतं, ज्वालामुखीतून येणारे वायू होते, आणि जो ऑक्सिजन सुटायचा तो यांच्यातच जिरायचा. बळ्ळारी-संडूरच्या खाणीतनं जे लोखंडी दगड ट्रक भरभरून निघतात ते त्याच काळात समुद्रतळाशी बसलेल्या लोखंडाचे पट्टे आहेत, त्यातलं काही गंजणं ऑक्सिजनशिवायच लोखंड वापरणाऱ्या जीवाणूंनीही केलं असावं.

हवेत तेव्हा ऑक्सिजन नव्हता हे कळतं कसं? एक पुरावा अगदी साधा आहे. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड इथं त्याआधीच्या नदीच्या गोट्यांत पायराइटचे, म्हणजे लोखंड-गंधकाच्या सोनेरी खनिजाचे, घासून गोल झालेले खडे मिळतात. आजच्या नदीत पायराइट एवढा लांब वाहत गेला तर वाटेतच गंजून संपतो. तेव्हा गंजला नाही, कारण गंजवणारं हवेत काही नव्हतंच.

आता आपल्या भागाचं. बेळगाव जिल्ह्यात यादवाड आणि पुढं लोकापूर, बागलकोटकडं चुनखडक आणि डोलोमाइटचा पट्टा आहे, त्याला भूवैज्ञानिक कलादगी खोरं म्हणतात, आणि त्यात स्ट्रोमॅटोलाइट आहेत. कापलेल्या बाजूला एकावर एक ठेवलेल्या वाट्यांसारख्या बाकदार रेघा, आणि वरनं बघितलं तर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं. हे दगड शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत, तरी हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला त्याच्या बऱ्याच नंतरचे. तेव्हा "पृथ्वीचा पहिला ऑक्सिजन आपल्या बेळगावात" असा मेसेज कुणी फिरवायला लागलं तर त्याला थांबवा. आणि प्रत्येक रेघांचा दगड स्ट्रोमॅटोलाइट नसतो, नुसत्या गाळाच्या थरांनाही दाबानं बाक येतो. फरक बघायचा तर रेघा घुमटाच्या माथ्यावर जाड आणि उतारावर पातळ होत जातात का ते बघावं, कारण जिवंत चटई उजेडाकडं वाढते.

शेवटची गोष्ट 2021 मधली. अमेरिकेत ह्युरॉन सरोवराच्या तळाशी, 23 मीटर खोल एका खड्ड्यात, आजही जांभळट सायनोबॅक्टेरियाची चटई आहे. रात्री तिच्यावर गंधक खाणारे पांढरे जीवाणू चढून बसतात आणि सकाळी खाली उतरतात. उजाडल्यावरसुद्धा त्यांची अदलाबदल व्हायला काही तास लागतात, तोवर खालच्यांना नीट ऊन मिळत नाही आणि ऑक्सिजन सुरू होत नाही. जुडिथ क्लॅट आणि सहकाऱ्यांनी यावरनं असा विचार मांडला की पूर्वी पृथ्वी भराभर फिरायची, दिवस छोटा होता, तर या सकाळच्या उशिरात दिवसाचा मोठा हिस्सा वाया जायचा. शिवाय ऑक्सिजन चटईतनं बाहेर झिरपायला वेळ लागतो, ऊन मावळलं की आत राहिलेला तिथंच खाल्ला जातो. चंद्राच्या ओढीनं पृथ्वीचा वेग मंदावत गेला, दिवस लांबला, आणि तेवढ्याच उन्हात शिल्लक वाढत गेली. हे सिद्ध झालेलं नाही, अनेक कारणांपैकी एक कारण म्हणून मांडलंय, पण मला ते फार पटतं.

खाचरातला तो तुकडा मी काचेच्या बरणीत घातला होता, खाली उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक आणि वर्तमानपत्राचे तुकडे, वर दोन बोटं पाणी. दीड महिन्यानं खिडकीकडच्या बाजूला, हिरव्याच्या खाली, एक डाळिंबी डाग उमटला. अण्णांना बोलावून दाखवला. सकाळी सातला खिडकीत ऊन आलं, अण्णा चहा घेऊन बरणीसमोर बसून राहिले, आणि हिरव्या थरावर पहिला बुडबुडा धरला तेव्हा पावणेनऊ वाजले होते.